मदतनिधीच्या कार्यक्रमाचं प्रसिद्धीपत्रक आणि त्यातली संपर्काची ओळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर मी बरीच वर्षं उपसंपादक होतो. आता गावातल्या दोन-तीन संस्थांची पत्रकं लिहून देतो. म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झालं आहे. संस्थांचे कार्यकर्ते जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. समजायला सोपं जावं म्हणून सगळीकडे एकच उदाहरण घेतलं आहे. साताऱ्यातली एक संस्था कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेसाठी भावगीतांची मैफल ठेवते आहे. शाळेत ४० मुलं आहेत. मुलं वाढतात तसे त्यांचे कानही वाढतात, त्यामुळे श्रवणयंत्राचा कानात बसणारा साचा सैल होतो, यंत्र शिट्टी मारू लागतं आणि मूल ते काढून ठेवतं. नवे साचे करायला शाळेला ८० हजार रुपये हवे आहेत.

पत्रकाची सुरुवात कशी करावी?

कशासाठी पैसे हवेत, तिथून. बहुतेक पत्रकं संस्थेच्या स्थापनेपासून सुरू होतात. मग अध्यक्ष, उपाध्यक्ष, प्रमुख पाहुणे येतात आणि मुलांचे साचे चौथ्या परिच्छेदात सापडतात. डेस्कवर संध्याकाळी अशी पन्नासेक पत्रकं पडलेली असतात. उपसंपादक पहिली दोन वाक्यं वाचतो आणि त्यात बातमी दिसली नाही तर पुढच्या कागदाकडे वळतो.

पहिल्या वाक्यात चार गोष्टी बसल्या पाहिजेत: कोणासाठी, काय, कधी, कुठे. ‘४० कर्णबधिर मुलांच्या श्रवणयंत्रांना नवे साचे’ असं म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांपुढे काहीतरी उभं राहतं. ‘सामाजिक बांधिलकी जपत गरजू विद्यार्थ्यांच्या मदतीसाठी’ या शब्दांनी काहीच उभं राहत नाही, आणि डेस्कवर ते शब्द आधी उडवले जातात.

संपर्काची ओळ शेवटीच असते ना?

तीच खरी अडचण आहे. पानावर जागा कमी पडली की बातमी खालून कापली जाते. ऐन वेळी जाहिरात आली किंवा अपघाताची मोठी बातमी पडली, तर वीस ओळींची बातमी आठ ओळींची होते. कापणाऱ्याला तुमच्याबद्दल आकस नसतो. पान सोडायची वेळ झालेली असते, एवढंच. पण मग छापलेल्या बातमीत मैफल असते, गायक असतात आणि प्रवेशिका कुठे मिळेल ते नसतं.

म्हणून मी संपर्क पहिल्याच परिच्छेदाच्या शेवटी लिहितो, दुसऱ्या किंवा तिसऱ्या वाक्यात. पहिला परिच्छेद हीच पूर्ण बातमी असावी. बाकीचं सगळं उडालं तरी वाचकाला फोन करता आला पाहिजे. अगदी खाली, ‘संपर्क’ असं वेगळं लिहून, तोच नंबर पुन्हा द्यायलाही हरकत नाही.

त्या ओळीत नेमकं काय लिहायचं?

फोन कशासाठी करायचा, कोणाला, कोणत्या नंबरवर आणि किती वाजेपर्यंत. ‘अधिक माहितीसाठी संपर्क साधावा’ एवढ्यावर वाचकाला कळत नाही की आपण प्रवेशिका मागू शकतो की नुसती देणगी देऊ शकतो. ‘प्रवेशिका व देणगीसाठी’ असं स्पष्ट लिहा. नावापुढे पद लिहा, म्हणजे फोन करणाऱ्याला आपण योग्य माणसाशी बोलतोय याची खात्री वाटते. वेळ लिहिली नाही तर सकाळी सहाला, पेपर हातात पडल्या पडल्या फोन सुरू होतात.

नंबर पाच-पाच आकड्यांत तोडून लिहा. दहा आकडे सलग छापले की वाचणारा मध्येच चुकतो, विशेषतः चष्मा लावून पेपर वाचणारी आणि नंबर एकेक करून दाबणारी ज्येष्ठ मंडळी. देणग्या जास्त करून त्यांच्याकडूनच येतात. देवनागरी आकडे वापरले असतील तर १ आणि ९ नीट तपासा. बारीक टायपात, शाई जरा पसरली की दोन्ही सारखे दिसतात.

यातली सर्वांत मोठी चूक माझ्याच हातून झाली होती. एका रुग्णाच्या शस्त्रक्रियेसाठी निधी जमवायचा होता. पत्रक मी लिहिलं आणि नंबर टाइप करताना शेवटाकडचे दोन आकडे उलटसुलट झाले. बातमी छान छापून आली, चौकटीत. दुपारपर्यंत आमचा फोन एकदाही वाजला नाही. मी पेपरातला नंबर स्वतः लावून पाहिला, तर पलीकडे एक बाई होत्या. त्या म्हणाल्या, “सकाळपासून चाळीस फोन आले. मी प्रत्येकाला सांगतेय की चुकीचा नंबर आहे. एक आजोबा तर रडत होते, त्यांना पाच हजार द्यायचे होते.” त्या बाईंनी फोन बंद करून ठेवला नव्हता, हा त्यांचा चांगुलपणा. मी त्यांच्याकडे खरा नंबर दिला आणि त्यांनी संध्याकाळपर्यंत येणाऱ्या प्रत्येकाला तो सांगितला. पण आधीचे चाळीस जण परत आले नाहीत.

तेव्हापासून एक पद्धत ठेवली आहे. पत्रक पूर्ण झालं की त्यातला नंबर मी मोठ्याने वाचतो आणि दुसरा कोणीतरी तो आपल्या फोनवर दाबतो. मोबाइलमध्ये साठवलेल्या नावावरून नाही, आकडा आकडा दाबून. कार्यवाहांचा फोन वाजला की मगच मेल जातो.

दोन-तीन नंबर द्यावेत का? एक लागला नाही तर दुसरा.

छापायला एकच द्या. तीन नंबर असले की प्रवेशिकांचा हिशोब तिघांकडे तीन प्रकारे राहतो आणि एकच खुर्ची दोघांना जाते. बातमीदाराला काही विचारायचं असेल तर त्यासाठी वेगळा नंबर पत्रकाच्या सर्वांत वर लिहा आणि पुढे ‘केवळ कार्यालयीन संपर्कासाठी, छापू नये’ अशी सूचना द्या. हा माणूस रात्री दहालाही फोन उचलणारा हवा. डेस्कला शंका येते ती त्याच वेळी.

कोणाचा नंबर छापावा?

ज्याच्याकडे त्या आठवड्यात खरंच वेळ आहे त्याचा. अध्यक्षांचा नंबर मानाचा असतो, पण ते बैठकीत असले तर फोन वाजत राहतो. छापलेला नंबर परत घेता येत नाही. कात्रण व्हॉट्सॲपवर वर्षभर फिरत राहतं. आमच्याकडे एका कार्यकर्त्या ताईंना कार्यक्रमानंतर महिनाभर रात्री-अपरात्री फोन येत होते. त्यानंतर संस्थेने एक वेगळं सिमकार्ड घेतलं. ते साध्या फोनमध्ये टाकून पाळीपाळीने एकेकाकडे असतं.

त्या फोनवर अनोळखी नंबर आपोआप गप्प करणारी सोय चालू नाही ना, ते बघा. बरेच जण मिस्ड कॉल देऊन वाट पाहतात, त्यामुळे रात्री आठ वाजता यादी काढून प्रत्येकाला उलट फोन करायचा. फोन उचलणाऱ्याजवळ एक कागद असावा: प्रवेशिका कुठे मिळतील, सभागृहात वयस्कांना चढायला पायऱ्या किती, पैसे कोणत्या नावाने द्यायचे, पावती कधी मिळेल.

पत्रकाचा नमुना मिळेल का?

हा घ्या. कंसातल्या जागी तुमची नावं घाला.

> प्रति, मा. आवृत्तीप्रमुख
> विषय: कर्णबधिर मुलांच्या मदतीसाठी १७ जानेवारीला भावगीतांची मैफल
>
> कर्णबधिर मुलांच्या श्रवणयंत्रांसाठी १७ जानेवारीला साताऱ्यात मैफल
>
> सातारा, ता. ८ : येथील (शाळेचे नाव) या निवासी शाळेतील ४० कर्णबधिर मुलांच्या श्रवणयंत्रांना नवे साचे बसविण्यासाठी (संस्थेचे नाव) या संस्थेने रविवार, ता. १७ जानेवारी रोजी सायंकाळी सहा वाजता शाहू कला मंदिर येथे जुन्या मराठी भावगीतांची मैफल आयोजित केली आहे. देणगी प्रवेशिका २०० रुपयांची आहे. प्रवेशिका व देणगीसाठी (नाव), कार्यवाह, यांच्याशी (५ आकडे) (५ आकडे) या क्रमांकावर सकाळी १० ते रात्री ८ या वेळेत संपर्क साधावा.
>
> मुलांच्या वाढीबरोबर कानाचा आकार बदलत असल्याने साचे ठरावीक काळाने नव्याने करावे लागतात. साचा सैल झाला की यंत्रातून शिट्टीसारखा आवाज येतो आणि मुले यंत्र वापरणे टाळतात. या कामासाठी शाळेला ८० हजार रुपयांची गरज आहे. कार्यक्रमाचा खर्च वजा जाता उरणारी सर्व रक्कम शाळेला देण्यात येईल. हिशोब कार्यक्रमानंतर प्रसिद्ध केला जाईल.
>
> मैफलीत (कलाकारांची नावे) गाणार आहेत. संस्था (वर्ष) पासून (कामाचे एका ओळीत वर्णन) हे काम करते.

‘खर्च वजा जाता’ हे शब्द मुद्दाम ठेवले आहेत. तीनशे प्रवेशिका संपल्या तरी ६० हजार होतात. सभागृह आणि ध्वनियंत्रणेला समजा १५ हजार गेले, तर हातात ४५ हजार राहतात. उरलेले ३५ हजार थेट देणगीतूनच यायचे आहेत. म्हणून संपर्काच्या ओळीत ‘व देणगीसाठी’ हे दोन शब्द आहेत. ते नसते तर मैफलीला येऊ न शकणाऱ्या माणसाने फोन केलाच नसता. आणि खर्च प्रायोजकाने उचलला नसेल तर ‘संपूर्ण रक्कम’ असं लिहू नका. पुढे कोणी हिशोब मागितला तर तो शब्द अडचणीत आणतो.

‘येत्या रविवारी’ लिहिलं तर काय बिघडतं?

वरच्या नमुन्यात पत्रकाची तारीख ८ आहे, म्हणजे शुक्रवार. मैफल १७ तारखेच्या रविवारी आहे. बातमी ९ तारखेला छापली आणि तिच्यात ‘येत्या रविवारी’ असेल, तर वाचक १० तारखेलाच शाहू कला मंदिरात जाऊन उभा राहील. पत्रक कोणत्या दिवशी छापलं जाईल ते तुमच्या हातात नसतं. म्हणून ‘उद्या’, ‘आज’, ‘येत्या’ हे शब्द नकोत. वार आणि तारीख दोन्ही लिहा आणि कॅलेंडर काढून दोन्ही जुळतात का ते पाहा. न जुळणारा वार-तारीख दिसला की चांगला उपसंपादक फोन करून विचारतो. पण त्याला वेळ नसेल तर बातमी बाजूला पडते.

पत्रक किती दिवस आधी द्यावं?

पहिलं आठ-दहा दिवस आधी. त्याहून लवकर दिलं तर ‘अजून वेळ आहे’ म्हणून मागे ठेवलं जातं आणि हरवतं. दोन दिवस आधी चार ओळींची आठवण पाठवा, ती ‘शहरात आज’ किंवा थोडक्यातच्या सदरात जाते. या चार ओळींतही संपर्क क्रमांक हवाच. डेस्कवरची माणसं दुपारनंतर येतात, त्यामुळे मेल सकाळी जाऊ द्या आणि फोन तीन-चारच्या सुमाराला करा. संध्याकाळी सातनंतर पानं लागत असतात, तेव्हा कोणी बोलायच्या मनःस्थितीत नसतं. ग्रामीण भागात जाणारी डाक आवृत्ती शहर आवृत्तीच्या आधी छापली जाते. तुमचा श्रोता आसपासच्या तालुक्यांतून येणार असेल तर हे लक्षात ठेवा.

लेटरहेडवर सही-शिक्क्यासह स्कॅन करून पाठवलं तर जास्त बरं ना?

सही-शिक्क्याचा कागद जोडा, पण मजकूर मेलमध्येच युनिकोडमध्ये टाइप करून द्या. स्कॅन आला की डेस्कवर कोणालातरी तो नव्याने टाइप करावा लागतो, आणि नंबर चुकतो तो बहुधा याच पायरीवर. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेलं पत्रक दुसऱ्या संगणकावर अगम्य खुणांसारखं दिसतं. रूपांतर करताना जोडाक्षरं आणि आकडे बिघडू शकतात. मोबाइलच्या मराठी कीबोर्डवर टाइप केलेला साधा मजकूर सगळ्यात सुरक्षित.

फोटो एकच, आडवा, वेगळी फाइल म्हणून. व्हॉट्सॲपवर पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो आक्रसून येतो. फोटोत कोण आहे ते डावीकडून उजवीकडे क्रमाने लिहा.

मुलांचा फोटो दिला तर जास्त मदत मिळते, असं म्हणतात.

मिळत असेल, तरीही मी देत नाही. निवासी शाळेतल्या मुलांचा चेहरा आणि नाव ‘मदतीची गरज असलेलं मूल’ म्हणून गावभर छापायचं, हे त्या मुलाला मोठेपणी काय वाटेल याचा विचार करा. बालगृहातल्या मुलांच्या बाबतीत तर हा कायद्याचाच प्रश्न आहे. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७४ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड होईल असं काहीही प्रसारमाध्यमांत देता येत नाही. तळहातावर ठेवलेल्या कानाच्या साच्याचा फोटो द्या. मुलाच्या बोटाएवढा तो साचा पाहून लोकांना गोष्ट कळते. आणि शब्द ‘कर्णबधिर’ वापरा. ‘मूकबधिर’ आता या मुलांना आणि त्यांच्या शिक्षकांना नको असतो.

बँक खातं किंवा क्यूआर कोड बातमीत द्यावा का?

क्यूआर कोड बातमीत सहसा घेत नाहीत, तो जाहिरातीत जातो. खातं छापायचं तर ते संस्थेच्या नावाचंच हवं. कोणा पदाधिकाऱ्याचं वैयक्तिक यूपीआय कधीही देऊ नका, माणूस कितीही प्रामाणिक असला तरी. पैसे पाठवताना पडद्यावर जे नाव दिसतं तेच पत्रकात लिहा. संस्थेचं नाव एक आणि खात्यावर दुसरं दिसलं की वाचक तिथेच थांबतो, आणि त्याने थांबणंच योग्य आहे.

आयएफएससी कोड देत असाल तर एक गोष्ट तपासा. तो ११ अक्षरांचा असतो आणि पाचवं अक्षर नेहमी शून्य असतं, इंग्रजी ‘ओ’ नव्हे. छपाईत हा घोळ फार होतो. माझं मत असं की खात्याचे तपशील बातमीत देऊच नयेत. फोन करणाऱ्याला त्याच नंबरवरून मेसेजने पाठवावेत. त्याने त्याच्याशी बोलणंही होतं आणि पावतीसाठी नाव-पत्ताही मिळतो.

परवानगी लागते का? पत्रकात तिचा उल्लेख करावा का?

संस्था नोंदणीकृत सार्वजनिक न्यास असेल तर नोंदणी क्रमांक पत्रकाच्या वरच्या भागात, डेस्कसाठी, द्या. नोंदणी नसलेला मित्रमंडळींचा गट धर्मादाय कामासाठी पैसे जमवत असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क नुसार धर्मादाय कार्यालयाकडे आधी जावं लागतं. गणेश मंडळं दरवर्षी घेतात तीच ही परवानगी. ती हातात येईपर्यंत पत्रक पाठवू नका. सावध बातमीदार ती मागतो.

‘करसवलत मिळेल’ असं लिहिलं की देणग्या वाढतात का?

संस्थेकडे ८०जी ची मान्यता असेल आणि आज ती चालू असेल तरच लिहा. सोबत सांगा की दोन हजारांच्या वरची रोख देणगी या सवलतीला धरली जात नाही. प्रवेशिकेची रक्कम देणगी म्हणून दाखवता येईल का, हे मात्र तुमच्या सीएंना विचारूनच ठरवा. पत्रकात त्याचं आश्वासन नको.

कात्रण व्हॉट्सॲपवरून पुणे, दुबई, न्यू जर्सीपर्यंत पोहोचतं आणि तिकडूनही फोन येतात. भारतीय पासपोर्ट असलेला माणूस देत असेल तर गोष्ट वेगळी, पण ज्याने परदेशी नागरिकत्व घेतलं आहे त्याची देणगी विदेशी देणगी ठरते. त्यासाठी संस्थेची एफसीआरए नोंदणी आणि त्याचं वेगळं खातं लागतं. ते नसेल तर फोनवरच नम्रपणे नाही म्हणायचं. नातेवाइकाच्या खात्यातून फिरवून घ्यायचा मार्ग सुचवणारे भेटतात, त्यांचं ऐकू नका.

पेपरवाले म्हणाले, ‘ही जाहिरात आहे, जाहिरात विभागाशी बोला.’

पत्रकात प्रवेशिकेचे दर, आसनव्यवस्था, प्रायोजकांची यादी वर असेल तर असंच होणार. प्रायोजकांची नावं काढा, दर एकाच वाक्यात ठेवा आणि मुलांची गरज वर आणा. तरीही नाही म्हणाले तर वाद घालू नका. पुढच्या आठवड्यात बातमीदाराला शाळेत बोलवा. साचे कसे घेतात ते त्याने पाहिलं की तो स्वतःची बातमी करतो, आणि ती पत्रकापेक्षा मोठी येते.

नंबर चुकीचा छापला गेला तर?

आधी तो चुकीचा नंबर लावा. पलीकडच्या माणसाची माफी मागा आणि शक्य असेल तर योग्य नंबर सांगायची विनंती करा. मग तुम्ही पाठवलेला मेल उघडून चूक कुठे झाली ते पाहा. चूक कोणाचीही असो, आवृत्तीप्रमुखांना दुपारी फोन करून दुरुस्ती मागा. दुरुस्तीचा मजकूर तीन ओळींत तयार ठेवा आणि त्यात कार्यक्रमाची पूर्ण माहिती पुन्हा घाला. नुसतं ‘कालच्या बातमीतील क्रमांक असा वाचावा’ छापलं तर ज्याने कालची बातमी ठेवली नाही त्याला काही कळत नाही.

कार्यक्रम झाल्यावर पुन्हा पत्रक पाठवायचं का?

हो, आठवड्याच्या आत. जमा किती, खर्च किती, शाळेला धनादेश किती रकमेचा आणि कोणत्या तारखेला दिला, अजून किती कमी पडतात. हे पत्रक बहुतेक संस्था पाठवतच नाहीत. खाली तोच संपर्क क्रमांक द्या आणि तो फोन निदान महिनाभर चालू ठेवा. आमच्या एका कार्यक्रमात शेवटचे अकरा हजार या दुसऱ्या बातमीनंतर आले. फोन करणारे निवृत्त शिक्षक होते आणि त्यांनी एवढंच विचारलं, “धनादेश शाळेच्या नावाने काढू की तुमच्या?”